उत्तरसूची कशी असावी?

मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि राज्यातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडला. त्या दीर्घ काळात शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२० पासून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला दररोज पालकांच्या भ्रमणध्वनीवर येत असे. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘स्वाध्याय’ नावाचा साप्ताहिक प्रश्नसंच व्हॉट्सॲपवर येऊ लागला. मुलाने उत्तर निवडले की ते बरोबर की चूक, हे तेथेच कळे. यांतील बहुतेक सोय मात्र फोनमधून येत होती, आणि फोन सकाळी सातला वडिलांच्या खिशातून कामावर जात होता.

गेल्या अंकातील लेखानंतर एका वाचक भगिनीने विचारले की, त्या काळात आमच्या वसाहतीतून मुलांना जे कागदी संच दिले जात, ते नेमके कसे तयार केले होते? त्यांच्या गावी पावसाळ्यात नाल्याला पूर आला की शाळा आठ-आठ दिवस भरत नाही, म्हणून त्यांना तसे काही करावयाचे आहे. त्यांना पत्राने उत्तर देण्याऐवजी या महिन्याचे सदर त्याच विषयाला देतो.

आमचा व्याप लहान होता. मुकुंदवाडीच्या बाजूला बांधकामावरील मजूर आणि घरकाम करणाऱ्या भगिनींची वस्ती आहे. तेथील तिसरी ते पाचवीची सव्वीस मुले, शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका बाई, मी आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, एवढीच मंडळी. सोमवार ते शनिवार रोज एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. एका बाजूला गणित, दुसऱ्या बाजूला मराठी. जोडीला दोन पिवळे कागद, त्यांवर उत्तरे. असे आठ कागद एका टाचणीत. दोन्ही बाजूंच्या छपाईला कागदामागे दीड रुपया पडे, म्हणजे मुलामागे आठवड्याला बारा रुपये आणि सव्वीस मुलांचे तीनशे बारा. रविवारी सकाळी वस्तीच्या तोंडाशी जुना संच घ्यावयाचा आणि नवा द्यावयाचा. त्या दिवसांत कागदाला हात लावण्याचीही भीती होती, म्हणून परत आलेले संच तीन दिवस टोपलीत तसेच ठेवून मग उघडत असू.

एवढे कोणीही करील. खरे काम पिवळ्या कागदांत आहे.

या मुलांच्या घरी दिवसा वडीलधारे कोणी नसते, आणि संध्याकाळी असते तेव्हा त्यांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नाही. १९३७ च्या सप्टेंबरात पोलिओच्या साथीमुळे शिकागो शहरातील शाळा उघडू शकल्या नाहीत, तेव्हा तेथे रेडिओवरून पाठ दिले गेले आणि त्यांचे प्रश्न रोजच्या वर्तमानपत्रांत छापले गेले. शंका आल्यास पालकांनी दूरध्वनी करावा, अशीही व्यवस्था होती. म्हणजे शंका विचारणारा पालक घरी आहे, हे तेथे गृहीत होते. आमच्या मुलांच्या बाबतीत तेच गृहीत धरता येत नव्हते. मुलाला अडले तर त्याच्याशी बोलणारा एकच जण घरात होता, तो म्हणजे पिवळा कागद. त्याने केवळ ‘उत्तर २२५’ एवढेच सांगून गप्प बसायचे, हे कसे चालेल?

एक उदाहरण पूर्ण पाहू. तिसरी-चौथीच्या मुलाला ५०३ वजा २७८ हे गणित दिले. उत्तर २२५. एखाद्याचे ३७५ आले. त्याने पिवळा कागद पाहिला, ३७५ वर फुली मारली, शेजारी २२५ लिहिले आणि पुढच्या गणितात पुन्हा तीच चूक केली. कारण आपले चुकले हे त्याला कळले, का चुकले हे कळले नाही. आता ३७५ कोठून आले ते पाहा. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून मुलाने आठातून तीन काढले, पाच. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य काढला, सात. पाचातून दोन गेले, तीन. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. मुलाने अंदाजपंचे काही ठोकलेले नाही. त्याने एक नियम अगदी इमानाने पाळला आहे, तो नियम चुकीचा आहे इतकेच.

दुसऱ्याचे २३५ येते. त्याला दशक सुटे करावयाचे, हे ठाऊक आहे. शतक मोडून त्याने शून्याच्या जागी दहा मांडले आणि त्यांतला एक दशक एककाला दिला, परंतु दिल्यावर दहाचे नऊ करावयास तो विसरला. तिसऱ्याचे ३२५ येते. त्याने नऊ बरोबर केले, पण शतकाच्या पाचाचे चार केले नाहीत. चौथ्याने दशकाचे घर ओलांडून थेट शतकाकडून एककासाठी उसने आणले आणि शून्यातून सात जात नाहीत म्हणून तेथे सातच ठेवले. त्याचे २७५ येते. प्रत्येक चुकीचे उत्तर आपल्या कारणाचा पत्ता अंगावर घेऊनच येते. अमेरिकेतील जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीचा याच दृष्टीने अभ्यास मांडला होता. मुलांच्या पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसून चुकीच्या पण ठरावीक रीतीच्या असतात, हे त्यांनी दाखविले.

बँकेत उमेदवारीच्या काळात आम्हांला हेच शिकविले गेले होते. दिवसअखेर ताळा जमला नाही, तर सारी पाने पुन्हा तपासावयास बसू नका, आधी फरक किती आहे ते पाहा. फरकास नऊने भाग जात असेल तर बहुधा कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली आहे, ४५० च्या जागी ५४० लिहिले गेले आहे. फरक हा शत्रू नव्हे, तो खबऱ्या आहे, असे आमचे एक जुने हेड कॅशियर म्हणत.

म्हणून पिवळ्या कागदावर या गणितापुढे आम्ही असे छापीत असू: ‘उत्तर २२५. तुझे ३७५ आले का? तू वरच्या ३ मधून ८ काढण्याऐवजी ८ मधून ३ काढलेस. चौकट १ वाच. तुझे २३५ आले का? तू एक दहाची नोट मोडलीस, पण मोडल्यावर नोटा मोजल्या नाहीस. चौकट २ वाच.’ आणि चौकटीत नोटांची भाषा. तुझ्याजवळ शंभराच्या पाच नोटा आहेत, दहाची एकही नाही, आणि तीन रुपये सुटे आहेत. दुकानदाराला आठ रुपये सुटे द्यायचे आहेत. दहाची नोटच नाही, मग आधी शंभराची एक मोड. शंभराच्या चार राहिल्या, दहाच्या दहा आल्या. आता दहाची एक मोड. दहाच्या नऊ राहिल्या, सुटे तेरा झाले. आता वजाबाकी कर. किराणा आणायला जाणाऱ्या मुलांना ही भाषा फार लवकर कळते. ‘हातचा’ हा शब्द त्यांना पाठ असतो, नोट मोडणे त्यांनी केलेले असते.

असे चार-चार तळटीप-उत्तर प्रत्येक गणिताला लिहिणे शक्य नाही, आणि दोन कागदांत ते मावतही नाही. आम्ही दिवसाच्या पाच गणितांपैकी एकच गणित असे ‘बोलते’ ठेवीत असू, आणि ते मुद्दाम निवडलेले असे. अंक असे घ्यावेत की वेगवेगळ्या चुकांची वेगवेगळी उत्तरे यावीत. शून्य मध्ये असलेली संख्या वजाबाकीस म्हणूनच उत्तम. उलट ४७६ वजा १२३ यात सुटे करण्याची वेळच येत नाही. तेथे मोठ्यातून लहान काढणाऱ्या मुलाचेही उत्तर बरोबर येते, आणि त्याचा चुकीचा नियम पक्का होतो. बाजारातील सरावपुस्तिकांत अशा गणितांची पानेच्या पाने असतात. पाने भरतात, पण निदान काहीच होत नाही.

पिवळ्या कागदाकडे वळण्याआधी मुलाने स्वतःच ताळा करावयाचा, असा आमचा दंडक होता. आलेल्या उत्तरात २७८ मिळव, ५०३ येतात का ते पाहा. ३७५ वाल्याला ६५३ मिळतात. काहीतरी बिघडले, हे त्याला उत्तरसूचीशिवाय उमगते. २३५ वाल्याला ५१३ मिळतात, नेमके दहा जास्त. ३२५ वाल्याला ६०३, नेमके शंभर जास्त. पाचवीतल्या काही मुलांना पुढे पुढे हा फरक पाहूनच ‘दहाची नोट मोजायची राहिली’ हे कळू लागले.

यात एक पळवाट आहे आणि मुले ती फार चटकन शोधतात. दहा जास्त आले ना, मग उत्तरातून दहा वजा करून टाकावे. २२५ हजर! ताळा जमला, समजले काहीच नाही. बँकेत न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाणारे लोक मी पाहिले आहेत, त्यातलाच हा प्रकार. त्यावर उपाय म्हणजे जोडगणित. ज्याचे चुकले त्याने चौकट वाचल्यावर त्याच जातीचे दुसरे गणित सोडवावयाचे, ६०४ वजा ३६७, आणि त्याचे उत्तर (२३७) त्याच कागदावर नसून शनिवारच्या कागदाच्या तळाशी. तेथवर कोणी मुद्दाम शोधीत जात नाही. गेलाच तर जाऊ द्यावा, एवढे कष्ट घेणाऱ्याला अडवू नये.

उत्तरे आधीच पाहून लिहिणार नाहीत कशावरून, हा प्रश्न आम्हांस सर्वांत जास्त विचारला गेला. आरंभी काही मंडळींनी सुचविले की, उत्तरे पाकिटात बंद करून द्यावीत. बाईंनी ते मानले नाही. बंद पाकीट उघडणे हाच मग एक खेळ होतो, असे त्यांचे म्हणणे. शिवाय ज्या मुलाला आज अडले आहे त्याला उत्तर आजच हवे असते, रविवारी नव्हे. आम्ही फक्त कागदाचा रंग वेगळा ठेवला आणि लेखणीचा नियम केला. सोडवावयाचे पेन्सिलीने, तपासावयाचे पेनने. खोडरबर वापरावयाचा नाही. चुकले तर एका आडव्या रेषेने खोडावे आणि शेजारी बरोबर लिहावे, म्हणजे खालचे वाचता येईल. खातेवहीत आम्ही चाळीस वर्षे हेच केले आणि खाली आद्याक्षरी केली.

या नियमामुळे परत आलेला संच पाहून पुष्कळ काही कळे. ज्या पानावर सारेच बरोबर आहे, कोठे कच्चे काम नाही, एकही रेष मारलेली नाही आणि पेनाच्या खुणा एका दमात केल्यासारख्या सरळ ओळीत आहेत, ते पान उतरवून काढलेले. आम्ही त्यावर रागावत नसू. तशा मुलाच्या पुढच्या संचात गणिते सोपी करीत असू, कारण नक्कल बहुधा आळसाने होत नाही, वरची इयत्ता झेपत नसल्याने होते. चौथीतल्या एका मुलाला तीन आठवडे दुसरीची गणिते दिली, तेव्हा कोठे त्याच्या पानावर पेन्सिलीचे कच्चे काम दिसू लागले.

पानाच्या तळाशी तीन लहान चौकोन असत: ‘माझे मला आले’, ‘पिवळा कागद वाचून समजले’, ‘अजून समजले नाही’. मुलाने एकात खूण करावयाची. पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यांनी पहिल्याच चौकोनात खुणा केल्या. समजले नाही म्हटले तर मार बसतो, हा त्यांचा अनुभव असणार. मग बाईंनी रविवारी वस्तीच्या तोंडाशी, अंतर ठेवून, तिसऱ्या चौकोनात खूण करणाऱ्या प्रत्येकाशी पाच-पाच मिनिटे बोलण्यास आरंभ केला. बाईंशी बोलावयास मिळते, हे कळताच तिसरा चौकोन भरू लागला. त्यातल्या काही खुणा केवळ गप्पांसाठी होत्या, हे आम्हांला कळत होते.

मराठीच्या बाजूला उत्तरसूचीचे काम अधिक अवघड होते, कारण तेथे एकच एक उत्तर नसते. उताऱ्याच्या प्रत्येक ओळीला आम्ही क्रमांक देत असू. समजा, उतारा आपल्या पाणचक्कीवर आहे आणि प्रश्न आहे, ‘येथील जाते फिरविण्यास बैल का लागत नव्हते?’ सूचीवर पूर्ण उत्तर छापले तर मूल ते शब्दशः उतरवून घेते. म्हणून सूची म्हणे, ‘ओळ ३ आणि ओळ ५ पुन्हा वाच. तुझ्या उत्तरात पाणी आले का? पाणी काय करते, ते आले का? दोन्ही असेल तर बरोबर. शब्द तुझे असले तरी चालतील.’ ही तिसरी ओळ फार महत्त्वाची. घरी एकटे बसलेले मूल आपले ‘पाण्याच्या जोरानं जातं फिरायचं’ हे चोख वाक्य सूचीत छापलेल्या वाक्याशी जुळत नाही म्हणून खोडून टाकते.

श्रुतलेखनाला सांगणारा माणूस लागतो. तो नसेल तर पाहा, झाका, लिहा, ताडून पाहा, ही जुनी रीत चांगली चालते. कागदाची डावी बाजू दुमडून शब्द झाकावयाचा, मनात धरून उजवीकडे लिहावयाचा आणि मग घडी उघडून अक्षर अन् अक्षर ताडावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मुलांना स्वतःला सहसा दिसत नाहीत. म्हणून मूळ शब्दातील तेवढे अक्षर आम्ही ठळक छापीत असू. निबंध आणि पत्र यांची स्वतःची तपासणी स्वतः करता येते, असे मला वाटत नाही. ते लिखाण आम्ही गोळा करून बाईंकडे देत असू, त्यावर सूची दिलीच नाही.

आता उत्तरसूचीच चुकीची असेल तर? दुसऱ्या एका मंडळाने वाटलेला संच माझ्या पाहण्यात आला होता. त्यात एका भागाकाराचे उत्तर छापताना अंक बदलला होता. मुलीने गणित अचूक सोडविले होते, आणि सूची पाहून ते रेष मारून खोडले होते. शेजारी छापील चूक सुवाच्य अक्षरांत लिहिली होती. तिच्या घरी ‘छापले आहे ते चुकले’ असे म्हणणारे कोणी नव्हते. वर्गात अशी चूक अर्ध्या मिनिटात पकडली जाते, कारण चाळीस मुलांपैकी दोघे तरी ओरडतात. म्हणून बँकेतील नियम येथेही लावावा: नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा. तपासणाऱ्याने सूची वाचून मान डोलवावयाची नाही. सूची बाजूला ठेवून सर्व गणिते पेन्सिलीने सोडवावयाची, आणि मगच जुळवावयाची. मी गणिते रचीत असे, बाई सोडवीत असत, मराठीला उलट. सहा दिवसांच्या संचाला या कामी दीड तास लागे आणि त्यात कपात करू नये. सूचनांची भाषाही याच वेळी तपासावी. ‘खालील उदाहरणे सोडवून पडताळा घ्या’ हे वाक्य आम्ही एका तिसरीतल्या मुलास वाचावयास दिले, तर ‘पडताळा’ म्हणजे काय, येथेच तो थांबला. मग ‘बरोबर आले का ते बघ’ असे लिहू लागलो.

वाचक भगिनींना एक सांगणे आवश्यक आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हा प्रकार चालत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला सूची वाचता येणार नाही, मग ती कितीही गोड भाषेत असो. आम्ही त्या वयाच्या मुलांना चित्रांच्या जोड्या आणि मोजणीचे कागद दिले, पण त्यांत शिकणे फारसे झाले नाही. जेथे पाचवीतली बहीण शेजारी बसून वाचून दाखवी तेथेच ते झाले. तेव्हा त्यांच्या गावी अशी लहान मुले असतील तर त्यांचा संच वेगळा न करता मोठ्या भावंडाच्या संचातच एक पान घालावे आणि त्यावर भावंडासाठी सूचना लिहावी: ‘हे तू धाकट्याला विचार, त्याने बोटे मोजली तरी चालतील.’ पूर ओसरून शाळा भरली की परत आलेले संच वर्गशिक्षकांकडे द्यावेत, ‘अजून समजले नाही’ असा चौकोन भरलेली पाने वर ठेवून. कोणाला काय येत नाही, हे त्यांना चाचणी न घेताच तेथे लिहिलेले मिळते.